एक खिडकी, एक थर्माकोल

मिरजेतल्या एका वयस्कर तंबोरा-कारागिरांची मुलाखत आम्हाला त्यांच्या कामाच्या जागेतच चित्रित करायची होती. जागा साधारण 10 बाय 14 फुटांची. उत्तरेला गल्लीकडे उघडणारी 4 फूट रुंदीची एकच खिडकी, मागच्या भिंतीला टांगलेले वाळके भोपळे आणि पॉलिश होऊन उभे असलेले तंबोरे. लाइट न्यायचेच नाहीत, खिडकी आणि एक रिफ्लेक्टर एवढ्यावर काम करायचं, असा आमच्या छायालेखकाचा आग्रह होता. संकलन करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना तो पटत नव्हता. डिसेंबरात जागा पाहून आणि चाचणीचं थोडं चित्रीकरण करून आम्ही परतलो, तेव्हा ते चित्रीकरण पाहता पाहता दोघांचा चांगलाच वाद झाला. मी दिग्दर्शक म्हणून मध्ये बसलो होतो. आमचं प्रकाशाचं सगळं नियोजन त्या वादातूनच ठरलं, म्हणून तो इथे मांडतो.

संकलिका : दादा, खिडकीचा उजेड सुंदर असतो याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो दोन तास तसाच राहत नाही. तुम्ही साडेदहाला सुरू करणार, साडेबाराला संपवणार, आणि मला त्यातून आठ मिनिटं काढायची. पहिल्या प्रश्नातलं एक वाक्य शेवटच्या प्रश्नातल्या वाक्याशेजारी लावलं की गाल अचानक काळवंडतो. माणूस एका सलग ओघात बोलतोय असं वाटतच नाही. खिडकी असू दे, पण सावलीच्या बाजूला एक छोटा एलईडी लावा. निदान तेवढा भाग तरी स्थिर राहील.

छायालेखक : तेवढाच भाग स्थिर राहिला तर तुझीच पंचाईत होईल. असं धर, खिडकीकडचा गाल सावलीकडच्या गालाच्या चौपट उजळ आहे. ढग आला आणि खिडकीचा उजेड निम्म्यावर आला. तुझा एलईडी मात्र होता तेवढाच. म्हणजे चौपटीचा फरक दुपटीवर आला आणि चेहरा सपाट झाला. मी आयरिस उघडून उजळ गाल पूर्वीइतका केला, तर त्याच्याबरोबर सावलीही वर येणार. मग तुला तो अर्धाच चेहरा वेगळा धरून शॉट-शॉटला दुरुस्त करत बसावं लागेल. आता एलईडीच्या जागी थर्माकोल ठेव. त्याचा स्वतःचा उजेड नाही, तो खिडकीचाच उजेड परत फेकतो. खिडकी निम्मी झाली की तोही निम्मा होतो. चौपट ते चौपटच राहतं. मी एक स्टॉप आयरिस उघडली, की चेहरा पुन्हा जसाच्या तसा.

संकलिका : म्हणजे चेहऱ्याची घडण बदलत नाही, फक्त एकूण उजेड कमी-जास्त होतो.

छायालेखक : बरोबर. आणि एकूण उजेड सावरणं हे तुझ्या टेबलावर एका मिनिटाचं काम आहे.

या पहिल्याच मुद्द्यावर एलईडी बाद झाला, आणि माझ्या मते योग्य कारणाने झाला. एक खिडकी-एक रिफ्लेक्टर ही पद्धत बहुतेक लोक पैसे नाहीत म्हणून वापरतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचा उजेड एकाच ठिकाणाहून आल्यामुळे तो एकत्र वाढतो आणि एकत्र उतरतो, हा तिचा खरा फायदा. रंगाचंही तेच. त्या गल्लीत समोरच्या घराची भिंत पिस्ता रंगाची आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे समोरच्या त्या दक्षिणाभिमुख भिंतीवर ऊन पडतं आणि उत्तरेच्या खिडकीतून आभाळाच्या निळसर उजेडापेक्षा त्या भिंतीचा हिरवट उजेडच जास्त आत येतो. चाचणीत कारागिरांचा चेहरा किंचित आजारी दिसत होता. पण हिरवट झाक दोन्ही गालांवर सारखीच होती. चेहऱ्याच्या जागी करडं कार्ड खिडकीकडे तोंड करून धरलं, त्यावर व्हाइट बॅलन्स घेतला, आणि दोन्ही गाल एकदम ताळ्यावर आले. एका बाजूला एलईडी असता, तर एक गाल सुधारताना दुसरा गुलाबी झाला असता. याच कारणाने खोलीतली ट्यूबलाइटही बंद ठेवायची असं ठरलं.

वाद संपला मात्र नव्हता.

संकलिका : ठीक आहे, थर्माकोलच ठेवा. पण मग तो जवळ ठेवा. या चाचणीत डावीकडचा अर्धा चेहरा जवळजवळ गेलाय. तुम्ही मोठ्या मॉनिटरवर अंधार करून बघताय. लोक हे एसटीत बसून, खिडकीचं ऊन अंगावर घेत, मोबाइलवर बघणार आहेत. त्यांना तिथे फक्त काळा डाग दिसेल.

छायालेखक : अगं, त्या खोलीत तो माणूस असाच दिसतो. खिडकीकडे उजेड, आतल्या बाजूला सावली. मी जास्त भरत गेलो तर ती खोलीच नाहीशी होईल, मग स्टुडिओत का बसवत नाही त्यांना?

संकलिका : नाही, तसे दिसत नाहीत ते. मी त्यांच्यासमोर बसले होते. मला त्यांचे दोन्ही डोळे, दोन्ही गालांवरच्या सुरकुत्या स्वच्छ दिसत होत्या. आपला डोळा उजळ भागाकडून सावलीत गेला की तिथल्या उजेडाला लगेच सरावतो. कॅमेरा आख्ख्या चेहऱ्याला एकच आयरिस लावतो. तुम्ही काहीच केलं नाहीत तर जे चित्र येतं ते समोर बसलेल्या माणसाला दिसलेलं नसतंच. नैसर्गिक दिसण्यासाठी काहीतरी करावंच लागतं. 1956 च्या ‘अपराजितो’मधलं बनारसचं घर तुम्हीच आम्हाला दाखवता ना? तो कोलकात्याच्या स्टुडिओतला सेट होता. अंगणावर पांढरं कापड ताणून त्यावर खालून लाइट मारले, आणि कापडावरून परतलेला उजेड आभाळाचा वाटला. सुब्रत मित्रांनी तिथे जे आहे तेच टिपायचं ठरवलं असतं, तर ते घर उभंच राहिलं नसतं.

यावर छायालेखक काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी चाचणीतले आकडे काढले. रिफ्लेक्टरशिवाय दोन्ही गालांत जवळजवळ तीन स्टॉपचा फरक होता, म्हणजे उजळ बाजू आठपट. पांढरा थर्माकोल चेहऱ्यापासून 5 फुटांवर उभा केल्यावर तो अडीचपर्यंत उतरला होता. दोघांनी पडद्यावर वेगवेगळ्या चौकटी लावून पाहिल्या आणि दीड ते दोन स्टॉपच्या मध्ये कुठेतरी थांबायचं ठरलं. थर्माकोल 3 फुटांवर आणला की तेवढं मिळत होतं. संकलिकेला एक स्टॉप हवा होता. तो मला स्वतःला नको वाटला. त्या फरकावर नाकाची कड आणि गालाचं हाड ओळखू येईनासं होतं, आणि भोपळा कोरून आयुष्य गेलेल्या माणसाचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसायला लागतो.

संकलिका : मग चंदेरी बाजू वापरा ना. लांब ठेवूनही तेवढाच उजेड येईल, आणि तुमचा थर्माकोल माझ्या फ्रेममध्ये घुसणार नाही.

छायालेखक : चंदेरी पत्रा उजेड एका दिशेने फेकतो. गालावर तो दुसऱ्या दिव्यासारखा पडतो, नाकाची दुसरी सावली उमटवतो, कपाळावर चमक आणतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण उजेड दोन बाजूंनी येतोय हे त्याला जाणवतं. पांढरा पृष्ठभाग उजेड सगळीकडे पसरवतो, म्हणून सावली नुसती विरळ होते. सोनेरी बाजूचा तर विषयच नको. एक गाल पिवळा पडेल, आणि आत्ताच आपण रंग एक ठेवण्याबद्दल बोललो.

थर्माकोल कुठे उभा करायचा यावरही त्यांनी बराच वेळ घेतला, आणि तो द्यायलाच हवा. नवशिके तो सावलीच्या गालाच्या अगदी समोर, खिडकीच्या विरुद्ध बाजूला धरतात. पण तिथे बोलणाऱ्या माणसाचीच सावली त्यावर पडते आणि परत फेकायला उजेडच उरत नाही. थर्माकोलला खिडकी दिसली पाहिजे. म्हणून तो माणसापेक्षा थोडा पुढे, कॅमेऱ्याच्या अंगाला आणायचा आणि उभाच ठेवायचा, छातीपासून कपाळापर्यंतच्या उंचीवर. मांडीवर आडवा ठेवला तर उजेड हनुवटीखालून येतो, नाकपुड्या उजळतात, आणि भुताच्या गोष्टीतला चेहरा तयार होतो. चाचणीत कारागिरांचा पांढरा पायजमाच खालून तेवढं काम करत होता. डोळ्यांच्या खोबणीत थोडा उजेड त्यातूनच जात होता, त्यात आणखी भर घालायची गरज नव्हती.

डोळ्यांच्या खोबणीचा प्रश्न मुळात निघाला तो बैठकीमुळे. तंबोऱ्याचे कारागीर जमिनीवर बसून काम करतात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर, आणि खिडकीची चौकटच 3 फुटांवर सुरू होऊन 7 फुटांपर्यंत गेलेली. रोजची त्यांची जागा खिडकीला लागून आहे, हाताखालचं काम नीट दिसावं म्हणून. तिथे उजेड जवळजवळ डोक्यावरून येतो. भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि बुबुळात चमक राहत नाही.

छायालेखक : त्यांना खिडकीपासून 5 फूट मागे घ्यायचं. खिडकीचा मधला भाग तिथून साधारण 25 अंशांवर येतो, म्हणजे उजेड भुवईखाली शिरतो. शिवाय जाड गादी किंवा बुटका चौरंग दिला की आणखी सोपं.

संकलिका : पण मागे घेतलं की उजेड कमी होईल.

छायालेखक : 3 फुटांवरून 6 फुटांवर गेलं तर अशा खिडकीचा उजेड साधारण दीड स्टॉप उतरतो. कॅमेरा तेवढं सोसतो. मला काळजी मागच्या भिंतीची आहे. त्यांना फार मागे नेलं तर चेहरा आणि भिंत यांच्यात उजेडाचा फरक उरणार नाही आणि ते तंबोऱ्यांत मिसळून जातील. खिडकीपासून 5 फुटांवर ते, आणि त्यांच्या मागे आणखी 5-6 फुटांवर तंबोरे. तंबोरे आपोआप काळोखे राहतात आणि पॉलिशवर खिडकीची एक उभी रेघ चमकते. तेवढी खोली मला पुरे.

मग प्रश्न विचारणारा कुठे बसणार हे ठरवायचं होतं. मला वाटलं होतं ही किरकोळ गोष्ट आहे, जिथे जागा मिळेल तिथे बसेन. दोघांनी एकाच वेळी नाही म्हटलं. त्या दिवसभरात त्यांचं पहिल्याच फटक्यात एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. बोलणारा माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे बघतो. मी कॅमेऱ्याच्या खिडकीकडच्या बाजूला बसलो तर कारागिरांचा चेहरा खिडकीकडे वळतो, दोन्ही डोळ्यांत उजेड पोचतो, आणि सावलीचा गाल कॅमेऱ्याच्या बाजूला येतो. सावलीतून उजेडाकडे जाणारा चेहऱ्याचा उतार कॅमेऱ्याला दिसतो आणि त्यानेच चेहरा भरीव होतो. मी दुसऱ्या बाजूला बसलो तर ते खिडकीकडे कान करून बोलणार. रुंद उजळलेला गाल आणि कान कॅमेऱ्यासमोर, आणि पलीकडचा डोळा अंधारात. मग कितीही मोठा रिफ्लेक्टर आणा, तो डोळा जिवंत होत नाही. खुर्ची कुठे ठेवली यावर निम्मं काम होतं, थर्माकोल त्यानंतर.

चाचणीच्या वेळी कारागिरांच्या चष्म्याने थोडा त्रास दिला होता. काचेत खिडकी दिसेल अशी आम्हाला भीती होती, पण दिसला तो थर्माकोल, कारण तो कॅमेऱ्याच्या अंगाला होता. छायालेखकांनी तो सहा इंच वर उचलून किंचित बाहेर सरकवला, आणि चष्म्याच्या काड्या कानांवर जरा उचलून बसवल्या. काचा खाली झुकल्या आणि पांढरा चौकोन निघून गेला. चष्मा काढायला सांगावा असं मी सुचवलं होतं. संकलिकेने ते मोडून काढलं. चष्म्याशिवाय माणूस डोळे बारीक करतो, आणि ते ताणलेले डोळे दोन तासांच्या चित्रीकरणात कुठेच लपत नाहीत.

खरा तापलेला वाद झाला तो एक्स्पोजरवर, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

संकलिका : चेहरा जरा वर घ्या दादा. काळसर वाटतोय.

छायालेखक : ते सावळेच आहेत.

संकलिका : हो, पण झेब्रा 70 वर लावला तर गालावर कुठेच येत नाही.

छायालेखक : येऊच नये. 70 चा तो आकडा गोऱ्या कातडीच्या उजळ गालासाठी आहे. सावळ्या माणसाचा गाल 70 वर नेलास तर ते सावळे राहणारच नाहीत. मी उजळ गाल 50-55 च्या आसपास ठेवतो. कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर खिडकीची लांब मऊ झळाळी आहे, ती 70 ला टेकली तर पुष्कळ झालं. सावळ्या चेहऱ्याचा आकार त्या झळाळीवरून कळतो, म्हणून तर मोठी खिडकी अशा चेहऱ्याला इतकी शोभते. छोटा दिवा लावलास तर तिथे तेलकट ठिपका दिसेल. त्यांच्या चेहऱ्यावर पावडर थापायची नाही आणि रंग वर न्यायचा नाही.

संकलिका : पण फोनवर...

छायालेखक : फोनवर चेहरा वाचता येण्यासाठी डोळे उजळ लागतात. ते आपण बैठकीने आणि थर्माकोलने मिळवलेत.

इथे मी छायालेखकांच्या बाजूने ठामपणे उभा राहिलो. आपल्याकडे ‘चेहरा छान दिसतोय’ याचा अर्थ ‘गोरा दिसतोय’ असा घेतला जातो आणि कॅमेऱ्यामागची माणसं नकळत आयरिस उघडत जातात. माणूस नैसर्गिक दिसावा असं म्हणायचं आणि त्याच्या कातडीचा रंग बदलायचा, हे दोन्ही एकत्र होऊ शकत नाही. संकलिकेची दुसरी सूचना मात्र लगेच मान्य झाली. पांढऱ्या शर्टाऐवजी त्यांनी कामाचा खाकी शर्टच घालावा, म्हणजे चेहऱ्यासाठी आयरिस ठरवताना शर्ट जळणार नाही.

उरला वेळेचा प्रश्न, आणि तिथे संकलिका जिंकली. समोरच्या भिंतीवरचं ऊन दिवसभर सरकतं, त्यामुळे खिडकीचा कधी डावा भाग उजळ असतो, कधी उजवा. दोन्ही गाल एकत्र उतरतात हे खरं, पण उजेडाची दिशा हलते आणि ते आयरिसने सुधारत नाही. तिने खिडकीला बाहेरून ट्रेसिंग पेपर लावायला सांगितला. पेपर लागला की उजेड भिंतीवरून कुठूनही येवो, खोलीच्या दृष्टीने आख्खी खिडकी सारखीच उजळते. छायालेखकांनी एक स्टॉप जातो म्हणून कुरकुर केली, पण खिडकी फ्रेममध्ये नव्हतीच, त्यामुळे त्यांच्याकडे दुसरा मुद्दा नव्हता. थर्माकोलच्या आणि खुर्चीच्या पायांशी जमिनीवर टेप मारायचा, दर प्रश्नानंतर करडं कार्ड पाच सेकंद दाखवायचं, आयरिस प्रश्नांच्या मध्येच बदलायची, बोलण्याच्या मध्ये कधीच नाही, हेही तिनेच लिहून दिलं. आणि एक माणूस फक्त गल्लीत उभा राहील. खिडकीसमोर पांढरा टेम्पो येऊन थांबला की उजेड खालून येतो आणि सावल्या उलटतात, पेपर असला तरी.

संकलिका : आणि मुलाखत लांबलीच, तरी चार वाजता थांबायचं. समोरच्या भिंतीवर आपल्याच घराची सावली खालून चढायला लागते, ऊन पिवळं होतं. तिथून पुढचं मला साडेदहाच्या वाक्याशेजारी लावता येणार नाही.

छायालेखक : चारनंतरच्या त्या उजेडात ते तारा जुळवत बसले तर?

संकलिका : तर हातांचे शॉट घ्या. थर्माकोल काढून टाका, हवी तेवढी सावली ठेवा. त्यावर मी सकाळचा आवाज लावीन.